डिस्ट्रिब्युटिव्ह की इंटिग्रेटिव्ह? क्विझमधल्या ऑफिसच्या प्रसंगात नेमकी टॅक्टिक कशी ओळखायची

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआर बघतो. दरवर्षी दोन-तीन एमबीएची पोरं ट्रेनी म्हणून येतात आणि डब्याच्या वेळी त्यांचे सराव पेपर उघडून बसतात. व्याख्या त्यांना तोंडपाठ असते: डिस्ट्रिब्युटिव्ह म्हणजे एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, इंटिग्रेटिव्ह म्हणजे दोघांचा फायदा. पण चार ओळींचा प्रसंग देऊन "इथे कुठली पद्धत वापरली" किंवा "इथे कुठली टॅक्टिक योग्य" असं विचारलं की गडबड होते. मी बघितलंय ते असं की जवळपास सगळे जण प्रसंगातला सूर बघून टिक करतात, माणसं गोड बोलत असतील तर इंटिग्रेटिव्ह आणि टेबलावर हात आपटत असतील तर डिस्ट्रिब्युटिव्ह, आणि पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं म्हणून तो मुद्दाम गोड बोलणारा डिस्ट्रिब्युटिव्ह प्रसंग टाकतो. म्हणून पोरांना मी जसं शिकवतो तसंच इथे क्रमाने लिहितोय.

पहिली पायरी: टेबलावर नक्की काय आहे ते मोजा

प्रसंग वाचून झाला की पर्यायांकडे बघायच्या आधी एवढंच शोधायचं, वाटणी कशाची चाललीय आणि मुद्दे किती आहेत. उदाहरण घेऊ. एका ऑफिसला 60 खुर्च्या घ्यायच्यात, एकदाच. विक्रेता 6,500 रुपये नग सांगतो. ॲडमिनवाल्याने मनात ठरवलंय की 5,800 च्या वर जायचं नाही, आणि तो सुरुवात करतो 4,900 पासून. विक्रेत्याला 5,400 च्या खाली परवडत नाही. दोघं चहा पितात, हसतखेळत बोलतात, आणि 5,600 ला सौदा होतो, दोघंही खूश.

हे डिस्ट्रिब्युटिव्ह आहे. मुद्दा एकच, किंमत, आणि विक्रेत्याने सोडलेला प्रत्येक रुपया थेट ऑफिसच्या खिशात जातो. 5,400 ते 5,800 या पट्ट्यात कुठेही सौदा बसला असता, यालाच ZOPA, म्हणजे झोपा म्हणतात, अर्थात दोघांच्या शेवटच्या मर्यादांमधली जागा. नगाला 400 रुपये, 60 नगांचे 24,000, एवढीच रक्कम वाटायला होती. 5,600 ला बसला म्हणजे ती बरोबर अर्धी-अर्धी वाटली गेली, पण अर्धी-अर्धी वाटली तरी ती वाटणीच. तडजोड झाली म्हणजे इंटिग्रेटिव्ह झालं असं अजिबात नाही, आणि सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. दोघं खूश आहेत हाही पुरावा नाही, कारण खुशी सौद्यातून येते, पद्धतीतून नाही.

याच प्रसंगात आकड्यांवर प्रश्न आला तर चार आकडे वेगळे लिहून काढा. 6,500 आणि 4,900 ही तोंडाने सांगितलेली सुरुवात, म्हणजे अँकर. 5,800 आणि 5,400 ही शेवटची मर्यादा, म्हणजे रेझिस्टन्स पॉइंट. अँकर समोरच्याला कळलेला असतो, मर्यादा कळलेली नसते, त्यामुळे प्रसंगात "मनात ठरवलं होतं", "साहेबांनी याच्यावर जाऊ नको म्हणून बजावलं होतं" असं काही दिसलं की ती मर्यादा समजायची. टार्गेट हे तिसरंच असतं, म्हणजे मनातून जिथे पोचायला आवडेल ते, आणि ते प्रसंगात दिलेलं असेलच असं नाही.

सौदा फिसकटला तर हाताशी असलेला सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे बाटना, त्याचा गोंधळ मात्र जरा नीट बघा. समजा एका मुलीकडे दुसऱ्या कंपनीची 11 लाखांची ऑफर आहे आणि ती तुमच्या कंपनीशी पगार बोलतेय. तिचा बाटना म्हणजे ती दुसरी नोकरी, आख्खी, 11 लाख हा आकडा नाही. तिथे जायला रोज दोन तास लागणार असतील तर ती तुमच्याकडे कदाचित 10.5 लाखांलाही येईल, म्हणजे तिची मर्यादा 10.5 आणि बाटना ती दुसरी नोकरी. पर्यायांत "तिचा बाटना 10.5 लाख" असं असेल तर ते चूक. बाटना म्हणजे इथे जमलं नाही तर मी काय करणार त्याचं उत्तर, आणि मर्यादा त्या उत्तरावरून काढायची.

दुसरी पायरी: एकाच भांडणाचे सहा शेवट

इंटिग्रेटिव्हमध्ये फक्त "इंटिग्रेटिव्ह" एवढं ओळखून भागत नाही, कारण पर्यायांत लॉगरोलिंग, ब्रिजिंग, नॉनस्पेसिफिक कॉम्पेन्सेशन, कॉस्ट कटिंग, एक्स्पांडिंग द पाय म्हणजे वाटायची गोष्टच वाढवणं, असे सगळे एकाच रांगेत उभे असतात आणि सगळे बरोबर वाटतात. मी यासाठी एकच प्रसंग घेतो आणि त्याचा शेवट बदलत जातो, पोरांना असंच लवकर कळतं.

प्रसंग असा. सपोर्ट टीममध्ये प्राजक्ता आणि रोहित दोघंच आहेत, एकाला डेस्कवर थांबावंच लागतं. दोघांनीही गणपतीचा आठवडा आणि दिवाळीचा आठवडा अशा दोन्ही रजा मागितल्यात. प्राजक्ता मालवणची, रोहित साताऱ्याचा.

पहिला शेवट, मॅनेजर म्हणतो दोन्ही आठवडे अर्धे-अर्धे करा, तीन दिवस तू तीन दिवस ती. ही तडजोड झाली, आणि वर सांगितलं तसं अजून आपण वाटणीतच आहोत.

दुसरा शेवट, मॅनेजर दोघांना विचारतो की या दोन्हीतलं तुला जास्त काय महत्त्वाचं, 100 गुण वाटून दे. प्राजक्ता गणपतीला 80 आणि दिवाळीला 20 देते. रोहित गणपतीला 30 आणि दिवाळीला 70 देतो. आता हिशोब करा. अर्ध्या-अर्ध्यात प्राजक्ताला 40 अधिक 10, म्हणजे 50 मिळाले असते, आणि रोहितला 15 अधिक 35, म्हणजे 50. त्याऐवजी गणपती पूर्ण प्राजक्ताला आणि दिवाळी पूर्ण रोहितला दिली तर तिला 80, त्याला 70. रजेचे दिवस तेवढेच आहेत, कोणी बाहेरून काही आणलेलं नाही, तरी दोघांचं मिळून 100 चं 150 झालं. हे लॉगरोलिंग. त्याच्या दोन अटी आहेत आणि प्रसंगात त्या दोन्ही सापडायला हव्यात, टेबलावर किमान दोन मुद्दे आणि त्यांचं महत्त्व दोघांना वेगवेगळं. दोघांनीही गणपतीला 80 दिले असते तर लॉगरोलिंग जमलंच नसतं.

तिसरा शेवट. दिवाळी सोडा, फक्त गणपतीवरच अडलंय. मॅनेजर विचारतो, तुला नेमकं कशासाठी जायचंय? रोहितच्या घरी दीड दिवसाचा गणपती, त्याला स्थापनेला हजर राहायचंय आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की तो मोकळा. प्राजक्ताचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष, तिचा गौरीला ओवसा आहे, आणि त्या वर्षी गौरी चौथ्या दिवशी येणार. म्हणजे दोघांनी "गणपतीची रजा" असं एकच नाव घेतलं होतं पण दिवस वेगळे निघाले. पहिले दोन दिवस रोहित, तिसऱ्या दिवसापासून प्राजक्ता. कोणीच काही सोडलं नाही. हे ब्रिजिंग. ओळखायची खूण ही की "का हवंय" असं कोणीतरी विचारलेलं असतं आणि त्या उत्तरातून सुरुवातीला कोणीच न सुचवलेला तिसरा मार्ग निघतो. याचं जुनं उदाहरण मेरी पार्कर फॉलेट या मॅनेजमेंटच्या अभ्यासक बाईंनी 1925 च्या सुमारास दिलं होतं: हार्वर्डच्या लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती आणि त्यांना बंद, मग शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली आणि यांच्या अंगावर वारा आला नाही. खिडकी अर्धी उघडली असती तर ती तडजोड झाली असती, आणि हे उदाहरण मला फार आवडतं कारण फरक डोळ्यासमोर उभा राहतो.

चौथा शेवट, प्राजक्ता पूर्ण गणपती घेते आणि त्या बदल्यात रोहितला मॅनेजर त्याला कधीचा हवा असलेला सर्टिफिकेशन कोर्स स्पॉन्सर करून देतो. कोर्सचा रजेशी काही संबंध नाही, तो या वादात आधी नव्हताच. वादाबाहेरच्या कुठल्यातरी नाण्यात भरपाई केली की ते नॉनस्पेसिफिक कॉम्पेन्सेशन. लॉगरोलिंगशी याची गल्लत होते. दिवाळी आधीपासून वादात होती म्हणून ते लॉगरोलिंग, कोर्स नंतर आणला म्हणून हे वेगळं.

पाचवा, प्राजक्ता पूर्ण गणपती घेते, पण जायच्या आधी महिनाअखेरचे रिपोर्ट संपवून ठेवते आणि रात्रीचे कॉल दुसऱ्या टीमकडे वळवून जाते, त्यामुळे थांबल्याने रोहितला जो त्रास होणार होता तोच कमी होतो. हे कॉस्ट कटिंग. नावावरून कंपनीचा खर्च कमी करणं वाटतं, पण इथे कॉस्ट म्हणजे माघार घेणाऱ्याला पडणारी किंमत.

सहावा, मॅनेजर नाशिकच्या ऑफिसमधून आठवडाभरासाठी एक माणूस मागवतो आणि दोघंही गावाला जातात. पाय वाढला. भांडण मुळात "एकाने थांबायलाच हवं" या टंचाईवर उभं होतं, ती टंचाईच गेली. या मार्गाला मर्यादा आहे, टंचाई खरी असेल आणि पैसा किंवा माणूस मिळतच नसेल तर हा पर्याय कागदावरच राहतो, त्यामुळे प्रसंगात "बजेट गोठवलंय", "नवीन भरती बंद आहे" असं लिहिलेलं असेल तर हे उत्तर बाद करा.

तिसरी पायरी: डावपेचाचं नाव शोधताना मनातलं आणि तोंडातलं वेगळं करा

डिस्ट्रिब्युटिव्हकडच्या कडक डावपेचांवरचे प्रश्न सोपे वाटतात आणि जोड्यांमध्ये फसवतात.

बोगी आणि लॉगरोलिंग ही पहिली जोडी. एक उमेदवार म्हणतो, मला जॉइनिंगची तारीख एक महिना पुढेच हवी, यावर मी ठाम आहे. खरं तर तो मोकळाच बसलाय, उद्याही येऊ शकतो. मग मोठ्या मनाने म्हणतो, ठीक आहे, लवकर येतो, पण मग 50 हजार वाढवा. वरवर बघितलं तर दोन मुद्द्यांची अदलाबदल झाली, पण त्याला एका मुद्द्याचं महत्त्व नव्हतंच, त्याने ते नाटक केलं. हे बोगी. क्विझमध्ये मनातली गोष्ट सांगणारं एक वाक्य दिलेलं असतं, "खरं म्हणजे त्याला फरक पडत नव्हता" अशा अर्थाचं, ते वाक्य चुकवलं की उत्तर लॉगरोलिंग होऊन बसतं. ऑफिसात मात्र ते वाक्य कोणी देत नाही, तिथे एकच चाचणी चालते, "बरं, समजा तारीख तुझ्याच मनासारखी दिली, तर पगार आहे तोच चालेल का?" असं विचारायचं. ज्याला तारीख खरंच हवीय तो विचार करतो, बोगीवाला लगेच दुसरीकडे वळतो.

निबल आणि लोबॉल ही दुसरी. लोबॉल सुरुवातीला असतो, म्हणजे समोरच्याने आपलीच अपेक्षा खाली आणावी म्हणून हास्यास्पद कमी आकडा फेकणं. निबल अगदी शेवटी, सगळं ठरलं, हात मिळवले, आणि सह्या करताना "बरं, इन्स्टॉलेशन फ्रीच ना?" वेळ बघा, उत्तर मिळतं. आमच्याकडे मशीनच्या एएमसीच्या वेळी मी स्वतः या निबलला दोनदा बळी पडलोय. मागणी एवढी किरकोळ असते की त्यावरून ठरलेला सौदा मोडायला जीव होत नाही. उपाय म्हणजे सह्यांच्या आधीच विचारून घ्यायचं की अजून काय राहिलंय ते आत्ताच सांगा.

तिसरी जोडी चिकन आणि बाटना सांगणं. "पगार वाढवा नाहीतर मी उद्याच राजीनामा देतो", आणि हातात दुसरं काहीच नाही, हा चिकन, मोठी धमकी देऊन समोरचा घाबरतो का बघायचं. "माझ्याकडे लेखी ऑफर आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय" आणि ऑफर खरी आहे, तर तो फक्त आपला बाटना सांगतोय, त्यात फसवणूक नाही. गुड कॉप-बॅड कॉप मात्र कोणी चुकत नाही, दोन माणसं दिसली, एक तापट आणि एक समजूतदार, की झालं, फक्त "बॅड कॉप" कधीकधी खोलीत नसतो, "माझं काही नाही हो, पण फायनान्सचे साहेब ऐकणार नाहीत" असा न दिसणारा असतो.

चौथी पायरी: "कुठली टॅक्टिक योग्य" विचारलं असेल तर

इथे पोरं डोळे झाकून विन-विनचा पर्याय निवडतात कारण तो चांगुलपणाचा वाटतो. योग्य म्हणजे प्रसंगाला बसणारी. खुर्च्यांच्या सौद्यात एकच मुद्दा, परत भेट नाही, विक्रेत्याची मर्यादा माहीत नाही, तिथे "आपल्या सगळ्या गरजा मोकळेपणाने सांगा" हे उत्तर चूक आहे. तिथे चांगला आधार असलेला अँकर आधी टाकणं, आपली मर्यादा झाकून ठेवणं, आणि सूट कमी-कमी होत जाईल अशी देणं (आधी 300, मग 150, मग 50, म्हणजे समोरच्याला वाटतं आता हा शेवटच्या मर्यादेला आला) हेच बरोबर.

उलट, त्याच विक्रेत्याशी वर्षभराचा करार असेल, त्याला पैसे लवकर हवेत आणि तुम्हाला माल दहा दिवसांत हवाय, तर मुद्दे दोन झाले, महत्त्व वेगळं झालं, नातं पुढे चालणार, आता लॉगरोलिंग सुचवा. आणि इथलाही एक सापळा सांगतो, इंटिग्रेटिव्हमध्ये माहिती उघड करायची म्हणजे आपल्याला कशाचं जास्त महत्त्व आहे ते सांगायचं, आपली शेवटची किंमत सांगायची नाही. "पेमेंटपेक्षा डिलिव्हरी माझ्यासाठी मोठी" हे सांगा, "5,800 पर्यंत जाईन" हे नको. जिथे समोरचा प्राधान्य सांगतच नाही तिथे तीन ऑफर एकदम ठेवायच्या, आपल्याला तिन्ही सारख्याच, आणि तो कुठलीकडे झुकतो ते बघायचं, यावरही प्रश्न येतो, आणि एकाच वेळी ठेवलेल्या असणं व आपल्याला सारख्या असणं ही दोन्ही चिन्हं असली तरच ते उत्तर.

झोपाच नसेल, म्हणजे घेणाऱ्याची मर्यादा 5,000 आणि देणाऱ्याची 5,400, तर किंमतीवर कितीही रेटलं तरी काही होणार नाही. मग दोनच रस्ते, उठून बाटनाकडे जायचं नाहीतर नवा मुद्दा टेबलावर आणायचा, जुन्या खुर्च्या विक्रेत्याने घेऊन जाणं वगैरे.

पाचवी पायरी: मिश्र प्रसंगाचे तुकडे पाडा

शेवटचा आणि सगळ्यात कठीण प्रकार म्हणजे युनियनचा करार. ही दोन नावंच मुळात कामगार वाटाघाटींच्या अभ्यासातून आलीत, वॉल्टन आणि मॅकर्सी या अभ्यासकांनी 1965 मध्ये चार प्रक्रिया वेगळ्या करून दाखवल्या: डिस्ट्रिब्युटिव्ह, इंटिग्रेटिव्ह, ॲटिट्यूडिनल स्ट्रक्चरिंग आणि इंट्राऑर्गनायझेशनल. प्रश्नात सगळं एकत्र कालवलेलं असतं, म्हणून वाक्यावर वाक्य घेऊन बाजूला नाव लिहायचं. असा प्रसंग घ्या.

युनियन तीन वर्षांसाठी 12,000 वाढ मागते, मॅनेजमेंट 6,500 म्हणतं, ताणून 9,000 ला येतं. हा तुकडा सरळ डिस्ट्रिब्युटिव्ह. मग दुसरा वाद, सेकंड शिफ्टचे लोक 11 ला शिफ्ट संपते तरी 20 मिनिटं आधीच मशीन सोडतात. मॅनेजमेंटला मेमो द्यायचेत, युनियनला वॉश-अप टाइम मंजूर करून हवाय. दोन्ही बाजू आपापल्या मागणीला चिकटून बसल्या असताना कोणीतरी विचारतं की लोक का निघतात? तर बस बरोबर 11:05 ला सुटते, हात धुवून गेटपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि ती चुकली तर रात्री राजगुरुनगरकडे जायला काही मिळत नाही. बस 11:20 केली आणि थर्ड शिफ्टची बस 15 मिनिटं आधी आणली, म्हणजे मशीनवरच हँडओव्हर होतो. मशीन थांबत नाही, माणूस घरी पोचतो. ब्रिजिंग. मेमो आणि वॉश-अप टाइम या पोझिशन होत्या, चालू मशीन आणि चुकणारी बस हे इंटरेस्ट.

करार व्हायच्या आधी प्लांट हेड कमिटीला दुसऱ्या प्लांटची लाइन दाखवायला घेऊन जातात, एकत्र जेवतात, जुन्या संपाची कटुता निघावी म्हणून. यात काही वाटलं नाही आणि काही तयार झालं नाही, फक्त नातं बदललं, म्हणून ॲटिट्यूडिनल स्ट्रक्चरिंग. आणि 9,000 ठरल्यावर सेक्रेटरी गेट मीटिंग घेतो, पोरं ओरडतात "12 चं काय झालं", तो अर्धा तास त्यांना समजावतो. समोर मॅनेजमेंट नाहीच, आपल्याच माणसांशी चाललंय, हे इंट्राऑर्गनायझेशनल. मागच्या बॅचचा एक मुलगा इथे "डिस्ट्रिब्युटिव्ह" टिक करून आला होता कारण गेटवर भांडण चाललं होतं. त्याला मी एवढंच विचारलं की सेक्रेटरी कोणाशी बोलतोय, त्याने पेपर परत उघडला आणि स्वतःच खोडून बरोबर पर्यायाला गोल केला.